वेळेपुढं नुसतं IST लिहून मोकळं होताय? या चुका टाळा

आमचं ऑफिस गंगापूर रोडला, माणसं नऊ, कामं सगळी बाहेरच्या देशातल्या क्लायंटची. दर सहा महिन्यांनी नवीन पोरगं येतं, हुशार असतं, कोड चांगला लिहितं, आणि पहिल्याच आठवड्यात शेड्यूलच्या शीटमध्ये "10 PM IST" असं टाकून घरी जातं. मी विचारलं की हे कुठलं IST, तर माझ्याकडे असं बघतं जसं काही मी नाशकात कुठली गोदावरी असं विचारलंय. म्हणून एकदा बसून लिहून काढतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवून देईन आणि चहा प्यायला जाईन.

सगळ्यात मोठी चूक हीच, IST म्हणजे आपलंच असं धरून चालणं. आपलं IST यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने तेच, म्हणून आपल्याला घड्याळ मागेपुढे करायची सवयच नाही. पण इस्रायलचं हिवाळ्यातलं टाइमपण IST, ते यूटीसीच्या दोन तास पुढे. आणि आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात चालतं तेही IST, यूटीसीच्या एकच तास पुढे. त्यात गंमत म्हणजे आयर्लंडने १९६८ च्या कायद्यात हाच उन्हाळी टाइम "स्टँडर्ड" ठरवला आणि मग १९७१ मध्ये हिवाळ्यापुरतं घड्याळ मागे घ्यायचं ठरवलं, त्यामुळे मधला S हा समरचा नाही, स्टँडर्डचाच, अगदी आपल्यासारखा. म्हणजे तीन देश, तीन वेगळे टाइम, अक्षरं तीच, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर.

आता आमचं काय झालं ते सांगतो. डब्लिनचा एक क्लायंट होता, ऑनलाइन ऑर्डर घेणारा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्याच्यासोबत सगळं सुरळीत, कारण हिवाळ्यात ते लोक वेळेपुढं GMT लिहायचे, आम्ही निमूटपणे साडेपाच तास मिळवायचो. ३० मार्च २०२५ ला, रविवारी, तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली. आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नाही. पुढच्या आठवड्यात मेल आला की ऑर्डरच्या टेबलमध्ये बदल करायचाय, सिस्टीम थोडा वेळ बंद ठेवावी लागेल, गुरुवार १० एप्रिल, 10 PM IST.

आमची पोरं खूश. नेहमी रात्री दोन-तीनला जागायला लागायचं आणि या वेळी क्लायंटने आपला टाइम दिलाय, जेवून निवांत बसू. त्यातल्या एकाने, शहाणा म्हणून, चॅटवर खात्रीपण करून घेतली, "10 PM IST ना?" तिकडून उत्तर, "Yes, IST." झालं. दोघांनी तीच तीन अक्षरं एकमेकांना दाखवली आणि दोघांचं समाधान झालं. असल्या खात्रीचा काडीचा उपयोग नाही, कारण समोरचापण आपल्याच घड्याळात वाचतोय.

रात्री दहाला आम्ही सिस्टीम बंद केली. दहा वाजून सात मिनिटांनी फोन, ऑर्डर जात नाहीयेत म्हणून. आमचा पोरगा शांतपणे म्हणतो, हो, मेंटेनन्स चालू आहे, ठरल्याप्रमाणे. तिकडचा म्हणतो मेंटेनन्स आज रात्री आहे. हा म्हणतो रात्रच आहे. दोन मिनिटं हेच. मग त्या माणसाने विचारलं की बाबा तुझ्याकडे आत्ता वाजले किती, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्याच्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते, म्हणजे त्यांचा ऐन धंद्याचा टाइम. त्याचे रात्रीचे दहा म्हणजे आपले शुक्रवार पहाटेचे अडीच. सगळं मागे घेऊन सिस्टीम परत उभी करायला दहा चाळीस झाले. त्या कामाचं बिल आम्ही लावलं नाही, लावायचं तोंडच नव्हतं.

दोन ओळींत बघायचं तर हे असं:

```
$ TZ=Asia/Kolkata date -d '2025-04-10 16:30 UTC' '+%F %H:%M %Z'
2025-04-10 22:00 IST
$ TZ=Europe/Dublin date -d '2025-04-10 16:30 UTC' '+%F %H:%M %Z'
2025-04-10 17:30 IST
```

एकच क्षण, दोन घड्याळं, आणि शेवटची तीन अक्षरं सेम.

मला राग कशाचा येतो सांगू, मेलमध्ये खूण होती. त्यांनी खाली लिहिलं होतं की नऊला ऑर्डर घेणं थांबतं, त्यानंतर करा. आपल्या दहाला तिकडे साडेपाच, मग नऊनंतर कसं काय होईल? कुणीतरी बोटावर मोजलं असतं तरी चूक सापडली असती. पण नाही, मेलमधून आकडा उचलायचा आणि शीटमध्ये टाकायचा, बाकीचं वाचायला वेळ कुणाला आहे.

आणि गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी काय झालं त्याचा हिशोब मांडायला बसलो तर आमच्या नोंदीत "22:00 IST सिस्टीम बंद" आणि त्यांच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये एरर सुरू "17:30 IST" पासून. सर्व्हर डब्लिनच्या टाइमवर लावलेला आणि लॉगमध्ये झोनचं नुसतं छोटं नाव छापलेलं. त्यांचा मॅनेजर म्हणाला तुम्ही बंद करायच्या साडेचार तास आधीपासून एरर येतायत, म्हणजे आणखी काहीतरी बिघडलंय. अर्धा दिवस आम्ही तो नसलेला बिघाड शोधत होतो! शेवटी दोन्ही लॉग शेजारी ठेवले तर बंदची ओळ, चालूची ओळ, मधली प्रत्येक ओळ बरोब्बर साडेचार तासांनी सरकलेली. ही खूण लक्षात ठेवा. खरा बिघाड असला तर अंतर वाकडंतिकडं निघतं. प्रत्येक ओळीला तेवढंच, तेही अर्ध्या तासात बसणारं अंतर निघालं की घड्याळावर संशय घ्या. आयर्लंडच्या उन्हाळ्याशी साडेचार तास, इस्रायलच्या हिवाळ्याशी साडेतीन.

त्या साडेतीनची आणखी एक जागा आहे आणि ती आपल्याच घरात आहे, डेटाबेसमध्ये. पोस्टग्रेसच्या १७ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये, काही सेटिंग न बदलता, हे चालवून बघा:

```sql
SELECT '2025-01-15 10:00 IST'::timestamptz AT TIME ZONE 'UTC';
-- 2025-01-15 08:00:00
```

आपले सकाळचे दहा म्हणजे यूटीसीचे साडेचार, आणि हा देतो आठ. कारण त्याच्या ठरलेल्या यादीत IST म्हणजे इस्रायल. `timezone_abbreviations` नावाची सेटिंग आहे, ती `India` केली की साडेचार येतात. १८ पासून तो आधी तुमच्या सेशनचा झोन बघतो, म्हणजे सेशन `Asia/Kolkata` असेल तर बरोबर उत्तर देतो. काही लोक म्हणतात मग सेटिंग बदलून टाका, विषय संपला. माझं मत विचाराल तर हा शॉर्टकट आहे आणि मला तो आवडत नाही, उद्या डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, सेटिंग न्यायची राहिली, की सगळ्या वेळा साडेतीन तासांनी गुपचूप सरकणार आणि एररपण येणार नाही. त्यापेक्षा IST ही अक्षरं डेटात जाऊच देऊ नका.

दुसरी चूक, ही अमेरिकेच्या क्लायंटवाल्यांसाठी. न्यूयॉर्कचा माणूस बाराही महिने EST म्हणतो, सवयीने, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत त्याचं घड्याळ EDT वर असतं. तो जुलैत "9 AM EST" म्हणाला तर त्याच्या मनात न्यूयॉर्कचे नऊ असतात, आपले संध्याकाळचे साडेसहा. आपलं पोरगं प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन `EST` टाकतं, आणि प्रोग्राम अक्षराला जागतो, EST म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे, उन्हाळा-बिन्हाळा काही नाही. रिपोर्ट निघतो आपल्या साडेसातला, तिकडे दहा वाजलेले असतात. जानेवारीत टेस्ट केलं तेव्हा बरोबर होतं ना, असं वर आम्हालाच ऐकवतात. `America/New_York` टाका, तो घड्याळाच्या उड्या स्वतः सांभाळतो.

CST: शिकागोचं असू शकतं, चीनचं असू शकतं, मध्ये चौदा तास. क्युबाचंही आहे.

BST: लंडनचा उन्हाळा किंवा बांगलादेश. जावाच्या जुन्या यादीत BST म्हणजे ढाका, एवढं लक्षात ठेवा.

`Etc/GMT+5` दिसलं तर थांबा, तिथे चिन्ह उलटं असतं, ते यूटीसीच्या पाच तास मागे आहे.

आणि `Asia/Mumbai` शोधत बसू नका, नाहीये. भारताला `Asia/Kolkata` एकच.

आता मी काय करतो ते सांगतो, ही माझी सवय आहे, पुस्तकातली पद्धत नाही. वेळ लिहायची तर वार, तारीख, शहराचं नाव, यूटीसीचा फरक, आणि शेजारी समोरच्याच्या घड्याळातली वेळ, हे सगळं लिहायचं. तो डब्लिनचा मेल मी लिहिला असता तर असा, "गुरुवार १० एप्रिल, रात्री 22:00 डब्लिन (UTC+1), म्हणजे नाशिकला शुक्रवार ११ एप्रिल, पहाटे 02:30". लांब होतं, हो. पोरं कुरकुरतात की एवढं कोण टाइप करणार. पण वार बदललेला डोळ्यांना दिसतो, आणि माझी बेरीज चुकली तर समोरचा लगेच म्हणतो अहो हे जुळत नाही. तीन अक्षरांत चूक लपते, दोन वेळा लिहिल्या की ती चव्हाट्यावर येते. आणि खात्री करायची तर "IST ना?" असं विचारायचं नाही, "तेव्हा तुमच्या घड्याळात किती वाजलेले असतील, आणि यूटीसीत किती?" असं विचारायचं.

एक मात्र बघा, नुसता UTC+1 लिहिणं एकदाच्या कामाला ठीक, दर आठवड्याच्या मीटिंगला नाही. आम्ही त्याच क्लायंटची सोमवारची मीटिंग अशीच फरक लिहून कॅलेंडरला लावली होती, डब्लिनचे सकाळचे दहा, UTC+1, आपले दुपारचे अडीच. २६ ऑक्टोबरला तिकडची घड्याळं मागे गेली, सोमवारी आम्ही अडीचला जाऊन बसलो, आणि त्यांच्याकडे अजून नऊच वाजले होते. आता तिथे "10:00, `Europe/Dublin`" असं आहे, उन्हाळ्यात आपले अडीच, हिवाळ्यात साडेतीन, कॅलेंडरचं कॅलेंडर बघून घेतं. फक्त कुणाचा जेवणाचा टाइम त्यावर बेतलेला असला तर त्याला मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारआधी आठवण करा, आमच्याकडे ते काम माझ्याकडेच आहे.