लाखांचे मिलियन करताना सगळ्याच आकड्यांना दहाने भागू नका

दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. हे कोष्टक न येणारा भाषांतरकार मला अजून भेटलेला नाही. तरीही परदेशी गुंतवणूकदारांसाठी केलेली वित्तीय पत्रकं माझ्याकडे तपासायला आली की त्याच चार चुका सापडतात, आणि विचारलं तर उत्तरही ठरलेलं: "घाई होती हो."

सगळ्यात महागाची चूक आधी सांगतो, कारण ती माझ्याही नजरेतून सुटली होती. एका कंपनीचे आकडे लाखांत होते आणि गुंतवणूकदाराला मिलियनमध्ये हवे होते. माझ्या हाताखालच्या मुलाने एका सेलमध्ये १० लिहिले, अख्खा तक्ता निवडला आणि `Paste Special` मधून `Divide` दाबलं. दोन सेकंदांत काम फत्ते. वरच्या ओळीतलं वर्ष २०२.३ झालेलं त्याला दिसलं, ते त्याने हाताने दुरुस्त केलं. टिपांचे क्रमांकही सावरले. विचित्र दिसणारे आकडे असे लगेच पकडले जातात. खरा घात शहाण्यासारख्या दिसणाऱ्या आकड्यांनी केला.

समजायला सोपे पडावेत म्हणून आकडे गोल करून सांगतो. कंपनीचा करोत्तर नफा ४,६०० लाख होता, त्याचे ४६० मिलियन झाले, ते बरोबरच. पण प्रति शेअर कमाई, म्हणजे ईपीएस, १८.४० रुपये होती. ती लाखांत कधीच नसते, रुपयांतच असते. तिलाही दहाने भाग बसला आणि ती १.८४ झाली. शेअरचं दर्शनी मूल्य १० रुपये होतं, ते १ झालं. आता १ रुपया दर्शनी मूल्याचे शेअर आपल्या बाजारात ढिगाने आहेत, त्यामुळे डोळ्यांना काहीच खटकलं नाही. मागच्या वर्षाचा रकाना त्याच झटक्यात भागला गेल्यामुळे दोन्ही वर्षांची तुलनाही ठाकठीक दिसत होती. शेअर्सची संख्या मात्र वर्डमधल्या परिच्छेदात होती, म्हणून ती वाचली: अडीच कोटी.

गुंतवणूकदाराच्या माणसाने हे पत्रक आदल्या वर्षीच्या भाषांतराशेजारी ठेवलं आणि कंपनीला विचारलं, "शेअर्सचं विभाजन कधी केलंत? आणि केलंत तर संख्या दहापट का झाली नाही?" प्रश्न अगदी रास्त होता. दर्शनी मूल्य आणि ईपीएस दोन्ही बरोबर एक दशांश झाले, तर कोणालाही विभाजनच वाटणार. कंपनी सेक्रेटरीबाईंचा मला फोन आला तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, मी त्यांना काय कळवू?" त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. भाषांतर झालं की दोन गणितं साध्या कॅल्क्युलेटरवर करतो. पहिलं, नफा भागिले शेअर्स: ४६० मिलियन भागिले २५ मिलियन, उत्तर १८.४०. दुसरं, शेअर्स गुणिले दर्शनी मूल्य: २५ मिलियन गुणिले १०, म्हणजे २५० मिलियन, आणि ताळेबंदातलं भागभांडवलही २,५०० लाख होतं, म्हणजे तेवढंच. वर्षभरात नवे शेअर निघाले असतील तर पहिल्या गणितात भारित सरासरी संख्या घ्यायची, ती ईपीएसच्या टिपेत दिलेली असते. ही दोन उत्तरं जुळल्याशिवाय मी फाइल पाठवत नाही. आणि तो `Divide` मी आता एकेका रकान्यावरच वापरतो, तोही रकान्याचं शीर्षक वाचून. टक्के, गुणोत्तरं, दिवस, कर्मचाऱ्यांची संख्या, ईपीएस आणि दर्शनी मूल्य यांना हातच लावायचा नाही. पूर्ण आकड्यात दिलेल्या शेअर्सच्या संख्येचे फक्त स्वल्पविराम हलवायचे, २,५०,००,००० चे २५,०००,००० करायचे.

शीर्षक वाचायचं म्हणजे प्रत्येक पानावरचं. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट तीननुसार वित्तीय पत्रकांत एकदा जे एकक धरलं ते सगळीकडे तेच लागतं. हा नियम पत्रकांपुरता आहे. त्याच वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं मनोगत बिनदिक्कत कोटींत बोलतं. लाखांना दहाने भागायचं आणि कोटींना दहाने गुणायचं. चुकून उलटं झालं तर आकडा शंभरपटीने घसरतो किंवा फुगतो.

मनोगताचा विषय निघालाच आहे तर मराठीतला सापळाही सांगतो. "एक कोटी पाच लाख" हे १.०५ कोटी, म्हणजे १०.५ मिलियन. नवशिके ते १.५ कोटी वाचतात आणि १५ मिलियन लिहून मोकळे होतात, पंचेचाळीस लाखांची भर घालून. "पावणेतीन कोटी" म्हणजे २.७५ कोटी, २७.५ मिलियन. याचे सव्वातीन केलेलेही मी पाहिलेत. मी असा शब्दांतला आकडा आधी समासात पूर्ण अंकांत लिहितो, १,०५,००,००० असा, आणि मगच स्वल्पविराम हलवतो. वेळ लागतो. लागू दे.

दुसरं माझं दुखणं म्हणजे बेरजा "जुळवणं". तीन खर्च घ्या: ४५.३६, २७.१६ आणि १८.२६ लाख, बेरीज ९०.७८. मिलियनमध्ये दोन दशांशांपर्यंत आणले की ४.५४, २.७२ आणि १.८३ होतात. यांची बेरीज ९.०९, पण मूळ बेरजेचे मिलियन होतात ९.०८. इथे अतिउत्साही लोक १.८३ चं गुपचूप १.८२ करतात. तो आकडा लेखापरीक्षकाने सही केलेला आहे, तुमच्या सोयीने हलवायला तो तुमचा नाही. खरं तर लाखांतले दोन दशांश मिलियनमध्ये तीन होतात, इतकंच लक्षात ठेवायचं. ४.५३६, २.७१६ आणि १.८२६ लिहा, बेरीज ९.०७८ चोख येते. ग्राहक दोनच दशांशांवर अडून बसला तर फरक तसाच राहू द्या आणि तो पूर्णांकनामुळे आहे अशी तळटीप टाका. याच्या उलट, कोटींतल्या ४६.२७ चे ४६२.७ मिलियन होतात. तिथे नुसत्या शोभेसाठी शून्य लावून ४६२.७० करू नका, तेवढी अचूकता मूळ आकड्यात नव्हतीच.

बाकीच्या चुका थोडक्यात. एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन, बिलियन नव्हे. मिलियन लिहिलं म्हणजे डॉलर होत नाहीत, रुपयाचं चिन्ह प्रत्येक तक्त्यावर हवं, आणि चलन बदलणं भाषांतरकाराचं काम नाही. वाचणारा जर्मन असेल तर शंभर कोटींना त्याच्या भाषेत मिलियार्ड म्हणतात. त्याचं बिलियन आपल्या एक लाख कोटींएवढं असतं, हे जर्मन भाषांतर करणाऱ्याला फोन करूनच सांगा, ईमेल तो वाचेलच असं नाही.