n साडेतीन आला तर चार घ्यायचा नाही: हायड्रोजन स्पेक्ट्रमचं गणित कसं सोडवावं

नाशिकला गंगापूर रोडवर माझ्याकडे बारावीची पोरं फिजिक्सला येतात आणि दरवर्षी एक गणित असं असतं की जे अर्ध्या वर्गाचं हमखास चुकतं. रूम टेंपरेचरला हायड्रोजन वायू आहे, त्यावर १२.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनचा मारा केला, तर कुठल्या सिरीजच्या कुठल्या वेव्हलेंथ बाहेर पडतील? एवढंच. पण या एका गणितात लेव्हल, सिरीज आणि वेव्हलेंथ तिन्ही येतात, म्हणून हे एकदा नीट जमलं की बाकीची गणितं याचेच तुकडे वाटतात. बोरचं मॉडेल वाचून झालंय असं मी धरून चालते.

पहिली पायरी, कोपऱ्यात लेव्हल मांडा. सूत्र एकच आहे:

```
E = -13.6 / n²  (eV)

n=1   -13.6
n=2   -3.4
n=3   -1.51
n=4   -0.85
n=5   -0.54
```

हे पाठ करायची गरज नाही, १३.६ ला १, ४, ९, १६, २५ ने भागलं की झालं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण मांडायचंच, मनातल्या मनात नाही.

आता दुसरी पायरी, आणि खरी गोम इथेच आहे. इलेक्ट्रॉन कुठल्या लेव्हलपर्यंत चढला हे ठरवायचं. गेल्या वर्षी एक मुलगी वही घेऊन आली, अक्षर सुंदर, प्रत्येक स्टेप लिहिलेली. तिने −१३.६ मध्ये १२.५ मिळवले, −१.१ आले. मग १३.६ भागिले १.१ म्हणजे १२.३६, त्याचं वर्गमूळ ३.५२, आणि पुढे लिहिलं "n = 4 (approx)". त्यावरून सहा रेषा काढल्या, सहाही वेव्हलेंथ अगदी बरोबर काढल्या, आणि त्यातल्या तीन त्या वायूतून कधी बाहेरच पडणार नाहीत. मला म्हणाली, "मॅडम, साडेतीनच्या वर आहे ना, मग चारच झाले की." तिला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण माझ्या बारावीच्या प्रिलिमला मी हेच केलं होतं आणि पेपर हातात आला तेव्हा कुणी समजावलं नाही, नुसती लाल रेघ होती. ती रेघ कशासाठी हे मला पुढे बीएससीला कळलं.

कारण असं आहे. आपण मार्क राउंड ऑफ करतो, पैसे राउंड ऑफ करतो, त्याच सवयीने n पण करतो. पण लेव्हल ही मोजताना आलेली संख्या नाहीये, ती जागा आहे. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, आणि पाणी गुडघ्याच्या आणि कमरेच्या मध्ये कुठेही थांबू शकतं. अणूतला इलेक्ट्रॉन तसा मध्ये थांबू शकत नाही. त्याला तिसरी लेव्हल आहे, चौथी आहे, साडेतिसरी नाहीच. चौथीला जायला पहिलीपासून १२.७५ लागतात (१३.६ वजा ०.८५), आपल्याकडे १२.५ आहेत. पाव इलेक्ट्रॉन व्होल्ट कमी पडला म्हणजे चौथी नाही, विषय संपला. तिसरीला १२.०९ लागतात, तेवढे आहेत, म्हणजे जास्तीत जास्त तिसरी. n ३.५२ येवो नाहीतर ३.९९, खालचाच पूर्णांक घ्यायचा.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की ते वर्गमूळ काढूच नका. फिरणाऱ्या शॉर्टकट नोट्समध्ये "n = √(13.6/उरलेली ऊर्जा)" असं चौकटीत लिहिलेलं असतं, त्यानेच हा घोळ होतो, कारण उत्तर दशांशात येतं आणि हात आपोआप राउंड ऑफ करतो. त्यापेक्षा लेव्हलच्या शेजारी पहिलीपासूनची चढण लिहा: १०.२, १२.०९, १२.७५, १३.०६. मग दिलेला आकडा या यादीत कुठे बसतो ते नुसतं बघा. १२.५ हा १२.०९ च्या पुढे आणि १२.७५ च्या अलीकडे आहे, म्हणजे तिसरी लेव्हल. डोळ्याने दिसतं, चुकायला जागाच राहत नाही.

मग पोरं विचारतात की उरलेल्या ०.४१ चं काय झालं. प्रश्न चांगला आहे. ते येऊन आदळलेल्या इलेक्ट्रॉनकडेच राहतात, तो धक्का देऊन तेवढी गतिज ऊर्जा घेऊन पुढे निघून जातो. आणि म्हणूनच प्रश्नात "इलेक्ट्रॉनचा मारा" लिहिलंय की "फोटॉन" लिहिलंय हा शब्द अधोरेखित करा. फोटॉनला आपल्यातले १२.०९ देऊन बाकीचे ठेवता येत नाहीत, तो शोषला गेला तर अख्खा शोषला जातो. १२.५ चा फोटॉन ग्राउंड स्टेटमधल्या अणूकडे आला तर लेव्हल जुळत नाही, तो तसाच पार निघून जातो आणि उत्तर येतं "एकही रेषा नाही". आकडा तोच, वायू तोच, एका शब्दाने तीन रेषांच्या शून्य रेषा झाल्या. फोटॉन १३.६ च्या वर असला की मात्र पुन्हा चालतं, कारण इलेक्ट्रॉन अणूतून सुटूनच जातो आणि सुटलेल्याला लेव्हलचं बंधन नसतं. १४ चा फोटॉन असेल तर ०.४ घेऊन तो बाहेर पडतो.

"रूम टेंपरेचर" हे शब्द पण उगाच घातलेले नाहीत. त्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा साधारण ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि पहिली पायरीच १०.२ ची, म्हणजे जवळपास सगळे अणू खाली पहिल्या लेव्हललाच बसलेले असतात. सुरुवात n=1 पासून का करायची याचं हे कारण आहे, आणि उत्तरात ही एक ओळ लिहावी असं मला वाटतं.

तिसरी पायरी, खाली येण्याच्या वाटा. तिसरीवरून थेट पहिलीला, किंवा तिसरीवरून दुसरीला आणि मग दुसरीवरून पहिलीला. तीन बाण, तीन रेषा. पहिलीवर संपणारे लायमन, दुसरीवर संपणारे बामर, म्हणजे दोन लायमनच्या आणि एक बामरची. n(n−1)/2 या सूत्राने पण तीनच येतात, फक्त ते भरपूर अणू असतील तेव्हाचं आहे. एकटा अणू एका वेळी एकच वाट धरतो.

चौथी पायरी, वेव्हलेंथ. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून मी पोरांना एकच आकडा लक्षात ठेवायला सांगते, ९१२ अँगस्ट्रॉम. हा 1/R आहे. सूत्र उलटं करून लिहिलं की फक्त अपूर्णांक उरतो:

```
1/λ = R (1/n₁² - 1/n₂²)

3→1:  1 - 1/9   = 8/9    λ = 912 × 9/8  = 1026 Å
2→1:  1 - 1/4   = 3/4    λ = 912 × 4/3  = 1216 Å
3→2:  1/4 - 1/9 = 5/36   λ = 912 × 36/5 = 6566 Å
```

शेवटची खरी ६५६३ आहे, ९१२ हा ९११.६ चा गोल केलेला आकडा म्हणून तीन अँगस्ट्रॉमचा फरक पडला. एमसीक्यूला हे चालून जातं. मोठ्या प्रश्नाला मात्र R = 1.097 × 10⁷ दिलेला असतो, तोच वापरून लॉग टेबलने करा, आणि तिथे एक गोष्ट सांभाळा. R ला ५/३६ ने गुणलं की १.५२४ गुणिले दहाचा सहावा घात येतो आणि घाईत बरेच जण त्यापुढेच मीटर लिहून मोकळे होतात. तो 1/λ आहे, अजून उलटा करायचाय. एवढे मीटर म्हणजे दीड हजार किलोमीटर, नाशिकहून दिल्ली ओलांडून पुढे जाणारी प्रकाशाची एक लहर! उलटा केला की 6.563 × 10⁻⁷ मीटर, लाल रंग.

तपासायला दोन गोष्टी बघते. पहिली म्हणजे सिरीजची हद्द. लायमनच्या सगळ्या रेषा ९१२ ते १२१६ मध्ये, बामरच्या ३६४६ ते ६५६३ मध्ये, पाश्चनच्या ८२०४ पासून पुढे. बामर म्हणून १८०० आले तर कुठेतरी बाण चुकलाय, पुन्हा करा. सर्वात मोठी आणि सर्वात लहान वेव्हलेंथ यात जी गडबड होते तीही इथेच मिटते, कारण मोठी वेव्हलेंथ म्हणजे छोटी उडी, म्हणजे लगतच्या लेव्हलवरून, आणि सर्वात लहान म्हणजे अनंतावरून, ती सिरीज लिमिट. लायमनची सर्वात मोठी 4/(3R) आणि बामरची सर्वात लहान 4/R, म्हणून त्यांचं गुणोत्तर विचारलं तर १:३, कसलंही लॉग लागत नाही.

दुसरी तपासणी बेरजेची. तिसरीवरून पहिलीला १२.०९, तिसरीवरून दुसरीला १.८९ आणि दुसरीवरून पहिलीला १०.२, नंतरच्या दोघांची बेरीज पहिल्याएवढी यायलाच पाहिजे. ऊर्जांची बेरीज होते, वेव्हलेंथची होत नाही. ६५६३ मध्ये १२१६ मिळवून तिसरी रेषा "काढणारे" पेपर मी पाहिलेत.

हे सगळं एका इलेक्ट्रॉनपुरतं आहे. हेलियमचा एक इलेक्ट्रॉन काढलेला आयन असेल तर १३.६ ला Z² म्हणजे चारने गुणा, ५४.४ येतात, बाकी रीत तीच. साधा हेलियम अणू दिला तर हे सूत्र लावायचं नाही, दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि ते या सूत्रात कुठेच नाही.

आता वर न बघता हे करा: इलेक्ट्रॉनचा मारा १२.८ चा, आणि मग १२ चा. पहिल्यात १२.७५ पार झाले, चौथी लेव्हल, सहा रेषा, तीन लायमनच्या, दोन बामरच्या, एक पाश्चनची. दुसऱ्यात वर्गमूळ काढलं तर २.९२ येतं आणि हात तीन लिहायला जातो, पण १२.०९ लागतात आणि आहेत १२, म्हणजे दुसरी लेव्हल आणि १२१६ ची एकच रेषा.