वेल्डच्या आकड्याआधी अक्षर हवंच

रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेटरला फ्रेमचं ड्रॉइंग देताना फिलेट वेल्डच्या खुणेजवळ नुसता 6 लिहू नका. z6 म्हणजे लेग 6 मिमी. a6 म्हणजे थ्रोट 6 मिमी, त्याचा लेग होतो साधारण 8.5 मिमी. वेल्डचा धातू दुप्पट लागतो, आणि तेवढ्या उष्णतेने हलका चॅनल हमखास ओढला जातो.

मोटर बसते त्या पॅडवर Ra 3.2 देताना खुणेचा त्रिकोण वरून आडव्या रेघेने बंद करा. उघडा राहिला, तर मशिनिंग करायचंच असं बंधन राहत नाही. शेजारी ‘वेल्डिंगनंतर मशिनिंग’ लिहा आणि पॅडची प्लेट 3 मिमी जास्त जाड घ्या. आधीच मशिन केलेलं पॅड वेल्डिंगमध्ये वाकतं, मग बसा शिम लावत! बाकी फ्रेमवर ही खूण नको, उगाच बिल फुगतं.