फोन चालत नाही, पण बोलताय कशावरून?

"हॅलो, माझा फोन चालत नाहीये." हे वाक्य कानावर पडलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: आत्ता तुम्ही कोणत्या फोनवरून बोलताय? नाव, मॉडेल, कधी घेतला हे सगळं नंतर. मागच्या खेपेला नेमका हाच प्रश्न राहिला. "एकदा बंद करून चालू करा" असं सांगून झालं आणि लाइन कट, कारण बोलणं त्याच फोनवर चाललं होतं. म्हणून ही यादी. तो प्रश्न खाली पुन्हा पुन्हा येणार आहे, वैतागलात तरी येणार आहे.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात निम्मं निदान आहे. समोरचा "याच फोनवरून" म्हणाला, तर फोन चालू आहे, बॅटरी आहे, माइक आणि स्पीकर ठीक आहेत, नंबर लावता आला म्हणजे स्क्रीन दिसते आणि बोटाला दाद देते. एवढ्या शक्यता एका उत्तरात गळतात. उरतं ते बहुतेक वेळा इंटरनेट, एखादं ॲप किंवा भरलेलं स्टोरेज. "बायकोच्या फोनवरून" किंवा "शेजारच्या काकांच्या" म्हणाला, तर यादीचा दुसरा रस्ता धरायचा. आणि तो नंबर लगेच लिहून घ्यायचा, कोणाचा आहे ते त्याच्यापुढे टाकून. नाहीतर परत फोन करायची वेळ आली की आपण बंद पडलेल्या नंबरवर रिंग देत बसतो.

यात एक खाच आहे. त्याच फोनवरून बोलतोय म्हणजे टॉवरचा सिग्नलही ठीक, असं धरून चालू नका. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत घराच्या आतल्या खोलीत सिग्नल पडतो आणि लोक वाय-फाय कॉलिंगवर बोलतात. तेव्हा कॉल घरच्या राउटरमधून जातो, टॉवरशी त्याचा संबंध नसतो. वरच्या पट्टीत VoWiFi किंवा हँडसेटसारखं छोटं चिन्ह दिसतंय का, ते विचारा. असेल तर सिग्नलबद्दल अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

दुसरा प्रश्न: नक्की काय करायला गेलात आणि काय झालं? "काय प्रॉब्लेम आहे" असं विचारलंत तर "सांगितलं ना, चालत नाही" हेच उत्तर मिळेल. कृती विचारा. कोणाला फोन लावत होतात? पैसे पाठवत होतात? स्क्रीनवर कोणतं वाक्य आलं? ते वाक्य अर्थ न लावता, जसंच्या तसं वाचून दाखवायला सांगा. "नेटवर्क नाही असं काहीतरी" आणि "सिम नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात फोनला सिम दिसतंय पण टॉवर नाही, दुसऱ्यात फोनला सिमच दिसत नाही.

तिसरा: शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय झालं? पडला, भिजला, सिम बदललं, अपडेट आला, रिचार्ज संपला. ही नावं तुम्हीच घ्यायची. "काही केलंय का" विचारलं की सगळे "काहीच नाही" म्हणतात. आणि "पडला होता का" असं विचारलं तर वॉरंटी आठवते. त्यापेक्षा "लोकलमध्ये गर्दीत दाबला गेला, पावसात खिशात भिजला, असं काही?" म्हणा, माणूस मोकळा होतो.

आता पहिला रस्ता, त्याच फोनवरून बोलणाऱ्याचा, एका उदाहरणात शेवटपर्यंत बघा. कासारवडवलीहून फोन: "सकाळपासून फोन चालत नाही." कोणत्या फोनवरून बोलताय? "याच्यावरूनच." VoWiFi चिन्ह? नाही. म्हणजे सिम, टॉवर, माइक, सगळं बाजूला झालं. काय करायला गेलात? "दूधवाल्याला पैसे पाठवत होतो, नुसतं गोल फिरतंय." व्हॉट्सॲप? "त्यावर छोटं घड्याळ दिसतंय, मेसेज जात नाही." दोन वेगवेगळी ॲप एकदम अडली, म्हणजे दोष ॲपमध्ये नाही, इंटरनेटमध्ये आहे. वाय-फायचा पंखा दिसतोय? "पूर्ण आहे." इथेच बरेच जण फसतात. पंखा पूर्ण म्हणजे फोन आणि राउटर जोडलेले आहेत. राउटरच्या पुढे इंटरनेट आहे का, हे पंख्याला ठाऊक नसतं. कॉल न तोडता वाय-फाय बंद करायला सांगायचं, मोबाइल डेटा चालू आहे ना ते बघायचं आणि एखादी वेबसाइट उघडायला लावायची. उघडली. फोन ठणठणीत आहे. पहाटे सोसायटीची वीज गेली होती, तेव्हापासून राउटरवर लाल दिवा आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, तरी लाल राहिला तर इंटरनेटवाल्याला फोन. अडकलेला व्यवहार मात्र लगेच दुसऱ्यांदा करू नका, आधी व्यवहारांच्या यादीत तो गेला की फसला ते पाहायला सांगा. एवढं सगळं पाच प्रश्नांत उरकलं, आणि फोन एकदाही बंद करावा लागला नाही.

जुन्या हँडसेटवर किंवा कॉल 2G वर पडला असेल तर बोलता बोलता मोबाइल डेटा चालत नाही. तेव्हा "वेबसाइट उघडत नाही" याचा अर्थ काहीच निघत नाही. कॉल ठेवून तपासायला सांगा आणि कोणत्या नंबरवर परत फोन करायचा ते आधी पक्कं करा.

दुसरा रस्ता: स्क्रीन काळी, माणूस दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. खात्री आहे ना दुसऱ्याचाच आहे? विचारलंत? बरं. आता तुम्ही त्याच्या नंबरवर रिंग द्या. हँडसेट वाजला किंवा थरथरला तर फोन जिवंत आहे, डिस्प्ले किंवा त्याची पट्टी गेली आहे, आणि चार्जरचे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तुमच्या कानात रिंग ऐकू येते पण हँडसेट गप्प, तर तो सायलेंटवर असू शकतो, हातात धरायला सांगा. "स्विच ऑफ आहे" ऐकू आलं तर मग चार्जर. भिंतीवरच्या सॉकेटचं बटण चालू आहे का, हे हसू न आणता विचारा, बंद सापडतं. केबल बदला, ॲडॅप्टर बदला, लॅपटॉपला नको, भिंतीला लावा आणि अर्धा तास हात लावू नका. बॅटरी पार उतरली असेल तर पहिली काही मिनिटं स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि लोक दोन मिनिटांत "मेला" म्हणून मोकळे होतात.

केबल सैल बसत असेल, कट्ट होत नसेल, तर चार्जिंगच्या खाचेत खिशातला कापूस-धूळ दाबून बसलेली असते. फोन बंद ठेवून लाकडी टूथपिकने हलकेच काढायची. टाचणी किंवा सुई नको, आतल्या पिना वाकतात. भिजलेला असेल तर चार्जर लावूच नका. बंद करा, खाच खाली करून हलके झटका, पंख्याखाली ठेवा, लागला तर दिवसभर. तांदळाच्या डब्यात नको, कण आत जातात. हेअर ड्रायर नको.

तरी काळीच राहिली तर जबरदस्तीने रीस्टार्ट. बहुतेक अँड्रॉइडवर पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकत्र, लोगो येईपर्यंत, दहा-पंधरा सेकंद. आयफोन 8 आणि नंतरच्यांवर व्हॉल्यूम अप दाबून सोडा, डाउन दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरा. फोन रीस्टार्ट होणार आहे. कोणत्या फोनवरून बोलतोय? हो, पुन्हा विचारा. लोक मध्येच "थांबा, इकडून बोलतो" म्हणून फोन बदलतात.

तिसरा रस्ता: फोन चालू, कॉल लागत नाहीत. विमानाचं चिन्ह आधी पाहा. मग रिचार्जची शेवटची तारीख. मग त्याच जागी त्याच कंपनीचं सिम असलेला कोणी आहे का? त्याचाही गेला असेल तर टॉवर, फोनला हात लावू नका. सिम जिओचं असेल तर VoLTE, म्हणजे 4G वरून कॉल करायची सोय, बंद नाही ना ते बघा. जिओला 2G-3G नाही, VoLTE नसेल तर साधा कॉल जात नाही. पुढे सिम काढून, पुसून, दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहायचं: तिथे चाललं तर हँडसेटचा दोष, नाही चाललं तर सिमचा. फक्त ज्या फोनवर बोलणं चाललंय त्याचाच ट्रे उघडायला सांगू नका! घरात तिसरा फोन नसेल तर आधी सगळ्या पायऱ्या लिहून घ्यायला सांगा, मग ठेवा. सिम हलवल्यावर पैशांचं ॲप पुन्हा पडताळणी मागू शकतं, तेही आधीच सांगा.

रिचार्ज आहे, सिमला कोणी हात लावलेला नाही, शेजारी त्याच कंपनीची रेंज आहे आणि याचं सिम अचानक मेलं, तर यादी बंद करा. कोणीतरी याच्या नावावर दुसरं सिम काढलेलं असू शकतं. आधी दुसऱ्या फोनवरून बँकेला, मग कंपनीला, पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला. नवीन सिम मिळाल्यावर साधारण 24 तास एसएमएस बंद असतात, तोवर ओटीपी येत नाही म्हणून तक्रार येईल, ती बिघाडाची नाही.

उरलेलं थोडक्यात. एकच ॲप अडलं: अपडेट, मग कॅशे, मग काढून परत टाकणं. व्हॉट्सॲप काढण्याआधी बॅकअप. "कनेक्शन सुरक्षित नाही" सगळीकडे दिसलं: फोनची तारीख-वेळ चुकली आहे. सगळंच मंद: स्टोरेज बघा. फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे IMEI, लागला तर `*#06#`, फोन बंद असेल तर खोक्यावर. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, गूगलचा पासवर्ड आठवतोय याची खात्री झाल्यावरच, नाहीतर रीसेटनंतर फोन आत घेईलच असं नाही. आणि रीसेटचं बटण दाबायला सांगण्याआधी, आत्ता तुम्ही कोणत्या फोनवरून बोलताय?