बहुघटकी आर्बिट्राज प्रायसिंग मॉडेलने अपेक्षित परतावा कसा काढावा

स्टीफन रॉस यांनी 1976 मध्ये मांडलेल्या या मॉडेलचं सूत्र एका ओळीत मावतं:

`E(R) = Rf + β1·λ1 + β2·λ2 + β3·λ3`

Rf म्हणजे जोखीममुक्त दर. β सांगतो की त्या घटकात अनपेक्षित बदल झाला तर शेअर किती हलतो. λ हा रिस्क प्रीमियम, म्हणजे ती जोखीम एक एकक घेतल्याबद्दल बाजार देतो तो जादा परतावा. घटक कोणते घ्यायचे हे मात्र मॉडेल सांगत नाही, ते आपणच ठरवायचं.

समजा जोखीममुक्त दर 4 टक्के आहे आणि आपण तीन घटक घेतले. औद्योगिक उत्पादनाचा बीटा 1.2, प्रीमियम 4 टक्के. महागाईचा बीटा −0.5, प्रीमियम −2 टक्के. दीर्घ आणि अल्प मुदतीच्या व्याजदरांतल्या फरकाचा बीटा 0.6, प्रीमियम 1.5 टक्के. तिन्ही बीटा एकाच रिग्रेशनमधून एकत्र काढलेले हवेत. वेगवेगळे काढले तर एका घटकाचा परिणाम दुसऱ्याच्या खात्यात जातो.

आता गुणाकार: 4.8, 1.0 आणि 0.9. त्यात 4 मिळवले की अपेक्षित परतावा 10.7 टक्के.

महागाईपाशी जरा थांबा. तिचा प्रीमियम उणे आहे, कारण महागाई अचानक वाढल्यावर वर जाणारी गुंतवणूक लोकांना हवीच असते आणि तिच्यासाठी ते कमी परतावाही चालवून घेतात. आपला शेअर नेमका तेव्हा पडतो, म्हणून त्याला 1 टक्का जास्त द्यावा लागतो. प्रीमियमचं उणे चिन्ह विसरलात तर उत्तर 8.7 येईल, आणि ते इतकं साधं दिसतं की शंकाही येत नाही.

दुसरी चूक सर्रास होते. आपल्या उदाहरणात औद्योगिक उत्पादनाच्या घटक-पोर्टफोलिओचा, म्हणजे त्या घटकाचा बीटा 1 आणि बाकीच्यांचा शून्य असलेल्या गुंतवणूक-संचाचा, अपेक्षित परतावा 8 टक्के आहे, त्यातून 4 वजा करून प्रीमियम मिळतो. वजाबाकी न करता 8 च वापरले तर उत्तर 15.5 वर जातं. पडताळा सोपा आहे: पहिला बीटा 1 आणि बाकीचे शून्य ठेवा. उत्तर 8 यायला हवं. 12 आलं तर जोखीममुक्त दर दोनदा मोजला गेलाय.

आकडेमोड उलट्या बाजूनंही तपासता येते. तीन घटक-पोर्टफोलिओंचे परतावे 8, 2 आणि 5.5 टक्के. त्यांत 1.2, −0.5 आणि 0.6 वजन घाला. बेरीज 1.3 होते, म्हणून 0.3 जोखीममुक्त दरानं कर्जाऊ घ्या: 9.6 − 1.0 + 3.3 − 1.2 = 10.7.

समजा शेअरकडून तुमचा स्वतःचा अंदाज 13 टक्क्यांचा आहे. तरी शेअर घेऊन हे मिश्रण विकलं की 2.3 टक्के खिशात, असं होत नाही. घटकांची जोखीम कटते, पण त्या एका कंपनीची स्वतःची जोखीम तशीच उरते. ती पुसायला असे अनेक शेअर एकत्र लागतात.