फिजिक्सचा पेपर हातात आणि डोकं कोरं

बारावीच्या प्रिलिमला फिजिक्सचा पेपर हातात आला, पहिला एमसीक्यू वाचला आणि डोकं एकदम कोरं. आदल्या रात्री पंचवटीतल्या घरी बसून जे धडाधड म्हणून दाखवलं होतं त्यातलं काहीच आठवेना, तळहात ओले, पेन घसरतंय, आणि घाबरून मी दोन एमसीक्यूंची उत्तरं खोडून परत लिहिली. तेच महागात पडलं, कारण बोर्डाच्या फिजिक्स पेपरवर सूचनाच असते की एमसीक्यूचा पहिलाच प्रयत्न तपासला जाईल. नंतर कितीही बरोबर लिहा.

म्हणून बोर्डाला ठरवलं, हात थरथरत असताना पहिल्या प्रश्नाला हात लावायचा नाही.

सिटीलिंकच्या बसने गंगापूर रोडच्या सेंटरवर पोचलो, साडेदहाला आत. उत्तरपत्रिका मिळाल्यावर बैठक क्रमांक आकड्यात, मग अक्षरात, मुद्दाम सावकाश लिहिला. पेपर हातात आला तेव्हा छातीत धडधड होतीच, ती काय सांगून थांबत नाही. पाय जमिनीवर टेकवले, चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं सहा वेळा, जेमतेम एक मिनिट. बाहेर सोडताना जास्त वेळ घ्यायचा एवढंच सांभाळा, त्यानेच ठोके जरा हळू होतात. जोरजोरात खोल श्वास मात्र घेऊ नका, घरी ट्राय करताना मी तसं केलं तर बोटांना मुंग्या आल्या आणि गरगरलं.

मग विभाग ब उघडला, तिथे बारापैकी आठच सोडवायचे असतात, म्हणजे ओळखीचं काहीतरी सापडतंच. मला कोनिकल पेंड्युलम दिसला. फॉर्म्युला? आठवला नाही! पण आकृती काढता येत होती, म्हणून तीच काढली. दोरी, गोळा, θ कोन, खाली mg, दोरीतला ताण. ताणाचे दोन तुकडे केले, उभा T cosθ = mg, आडवा T sinθ = mv²/r, आणि भागाकार केल्यावर tanθ = v²/rg समोर आलं. मग पिरियडपर्यंत हात आपोआप गेला. मेंदूला नुसतं ‘आठव’ म्हटलं की तो अडतो, पण चित्राचं एक टोक दिलं की पुढचं खेचून आणतो, असा माझा अनुभव.

असे दोन प्रश्न झाले की एमसीक्यूकडे परत या. प्रत्येक विभाग नवीन पानावर सुरू करायचा असतो, त्यामुळे क्रम बदलला तरी गोंधळ होत नाही, फक्त प्रश्न क्रमांक नीट टाका.

एक मात्र सांगतो, धडा वाचलेलाच नसेल तर याने काही होत नाही. ओळखायचं कसं? आकृतीसुद्धा काढता येत नसेल तर ते ब्लँक होणं नाही, तो प्रश्न सोडा आणि पुढचा घ्या. माझा सेमीकंडक्टरचा एक तसाच सुटला. आणि श्वासाचं हे घरी निदान आठवडाभर तरी करा, तेही घड्याळ लावून पेपर सोडवायला बसाल तेव्हा, नाहीतर हॉलमध्ये चार मोजायचे की सहा यातच गडबड होते.