सहा सर्व्होंचा हात ट्रेपर्यंत पोचत नाही? गणिताला दोष देण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडवर आमची छोटी शेड आहे. शेजारीच माग चालतात. तिथल्या काकांनी विचारलं, "ट्रेमधल्या कांड्या उचलून रांगेत लावणारा हात होईल का रे?" तेव्हापासून एमजी ९९६ आर सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या मोटरी, लावलेला स्वस्तातला रोबोटिक हात आमच्या टेबलावर आहे. तो नीट चालेपर्यंत ज्या चुका झाल्या, त्याच चुका इथे हात बनवणाऱ्या मुलांकडून होताना मी पाहतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ग्रिपरला सांधा मोजणं

बाजारात 'सहा सांध्यांचा' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक किटमध्ये सर्व्हो सहा असतात, पण सहावा फक्त वस्तू पकडणारा ग्रिपर उघडतो आणि मिटतो. खरे सांधे पाचच असतात: तळ, खांदा, कोपर, मनगटाची वाकण आणि मनगटाची फिरकी. जागेचे तीन आकडे आणि दिशेचे तीन, असे सहाही मनाप्रमाणे मिळवायला सहा खरे सांधे लागतात. मुलं इंटरनेटवरून टोकाच्या जागेवरून सांध्यांचे कोन काढणारा, सहा सांध्यांचा सॉल्व्हर आणतात, तो पाच सांध्यांवर चालवतात आणि मग तो शेकडो फेऱ्या मारूनही उत्तरावर का येत नाही, हे शोधत बसतात. जे उत्तर अस्तित्वातच नाही, ते त्याला सापडणार कुठून?

ट्रेमधून वस्तू उचलायला एवढं लागतही नाही. ग्रिपर खाली तोंड करून यावा आणि कांडीच्या दिशेला वळावा, इतकंच हवं. ते पाच सांध्यांत बसतं आणि शाळेच्या त्रिकोणमितीने सुटतं. कांडी तळाच्या मध्यापासून किती पुढे ते `x` आणि किती बाजूला ते `y` धरलं, तर तळाचा कोन `atan2(y, x)` ने मिळतो. त्यानंतर खांदा, कोपर आणि मनगट एका उभ्या प्रतलात येतात.

```python
# r, s: खांद्यापासून मनगटापर्यंतचं आडवं आणि उभं अंतर
# L2, L3: वरचा आणि पुढचा दांडा; q2, q3, q4: खांदा, कोपर, मनगट
# pitch: ग्रिपरचा आडव्यापासूनचा कोन, सरळ खाली म्हणजे -pi/2; सगळे कोन रेडियनमध्ये
D = (r*r + s*s - L2*L2 - L3*L3) / (2*L2*L3)
if abs(D) > 1:
    return None
q3 = -acos(D)          # कोपर वर
q2 = atan2(s, r) - atan2(L3*sin(q3), L2 + L3*cos(q3))
q4 = pitch - q2 - q3
if abs(q4) > pi/2:
    return None
```

`q3` चं चिन्ह उणे ठेवलं नाही, तर कोपर खालून जातं आणि ट्रेच्या काठावर आपटतं.

फिरकीबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते. तळ जेवढा फिरला, तेवढा ग्रिपरही फिरतो. म्हणून कांडीच्या कोनातून तळाचा कोन वजा करावा लागतो. ट्रेच्या मध्यावर पकड सरळ आणि कडेला तिरकी येत असेल, तर ही वजाबाकी राहिली आहे.

"उत्तर नाही" हा संदेश दाबून टाकणं

`D` एकपेक्षा मोठा झाला की `acos` चूक दाखवतो. मग कुणीतरी `D` ला उणे एक ते एक यांच्यात कोंबतं. चूक दिसेनाशी होते, हात ताठ होतो आणि कांडीच्या अलीकडेच थांबतो. तो ट्रेच्या लांबच्या कोपऱ्यातच असा वागत असेल, तर आधी कोडमध्ये ही ओळ शोधा.

आमच्या हाताची मापं घेऊन पाहू. खांद्याचा सांधा टेबलापासून ९.५ सें.मी. वर आहे. वरचा दांडा १०.५, पुढचा १० आणि मनगटापासून ग्रिपरच्या टोकापर्यंत १५ सें.मी. टोक टेबलापासून १.५ सें.मी. वर हवं. ग्रिपर सरळ खाली असेल, तर मनगट १६.५ वर, म्हणजे खांद्यापेक्षा ७ सें.मी. उंच असलं पाहिजे.

कांडी `x = 20, y = 8` वर असेल, तर आडवं अंतर २१.५ येतं. खांद्यापासून मनगट २२.६ सें.मी. लांब हवं, पण दोन्ही दांडे मिळून २०.५ च भरतात. इथे सरळ खाली पोचणं शक्यच नाही.

दुसरी कांडी `x = 16, y = 8` वर घेऊ. आडवं अंतर १७.९, `D` ०.७५६, कोपर उणे ४०.९ अंश आणि खांदा ४१.३ अंश. सगळं ठीक वाटतं. पण मनगट उणे ९०.४ अंश येतं आणि आमचं मनगट नव्वदलाच अडतं. लांबीची तपासणी पास, कोनाची नापास. म्हणून कोडमधली शेवटची अट अजिबात गाळू नका. ती नसेल तर सर्व्हो अडथळ्यावर रेटत राहतो, गुणगुणतो आणि तापतो. उन्हाळ्यात शेडमधली हवाच चाळिशीच्या पुढे असते, तेव्हा तो फार वेळ टिकत नाही.

याच मापांवरून ग्रिपर सरळ खाली ठेवून कुठवर पोचता येतं तेही काढता येतं. खांदा नव्वदच्या मागे जात नाही, म्हणून अलीकडची हद्द ९.४ सें.मी. मनगट नव्वदच्या पुढे जात नाही, म्हणून पलीकडची १७.८. एवढ्या पट्ट्यात तळाच्या मध्यापासून साडेनऊ सें.मी.वर ठेवलेला, ७ सें.मी. खोल आणि १२ रुंद ट्रे पूर्ण बसतो. आमचा १० बाय १६ चा होता. तो बदलला आणि पंधरा दिवसांची डोकेदुखी संपली. माझं मत स्पष्ट आहे: ट्रे सरकवता येत असेल, तर कोडला हात लावू नका.

ट्रे बदलता येत नसेल, तर ग्रिपर थोडा तिरका करा. `pitch` उणे ९० ऐवजी उणे ८० घेतला की त्याच दुसऱ्या कांडीसाठी मनगट उणे ६७.५ वर येतं. पहिली, लांबच्या कोपऱ्यातली कांडीही उणे ८० वर पकडता येते; तिथे मनगट उणे ८८.२ वर असतं. दहा-दहा अंशांनी तिरपा वाढवत जा आणि अटीत बसणारं पहिलं उत्तर घ्या. मात्र कांडी कशी पडली आहे ते आधी पाहा. ती हाताच्या दिशेने लांब पडली असेल, तर दोन्ही बोटं दोन बाजूंनी सारख्या उंचीवर येतात. आडवी पडली असेल, तर एक बोट दुसऱ्यापेक्षा खाली जातं. बोटांमध्ये ३.५ सें.मी. उघडं अंतर आणि ३० अंशांचा तिरपा असेल, तर हा फरक पावणेदोन सें.मी. होतो आणि खालचं बोट ट्रेत घुसतं. आडव्या कांडीसाठी आम्ही दहा अंशांवर थांबतो.

सर्व्होचा शून्य आणि गणिताचा शून्य एकच समजणं

कोन बरोबर असूनही टोक चुकीच्या जागी जातं, तेव्हा बहुधा दोष इथे असतो. या सर्व्होच्या अक्षाला २५ दाते आहेत, म्हणजे एक दाता १४.४ अंशांचा. त्या अक्षावर बसणारा, दांडा फिरवणारा हॉर्न कितीही काळजीने बसवला तरी सात अंशांपर्यंत फरक राहू शकतो. खांद्यात चारच अंशांची चूक असेल, तर दुसऱ्या कांडीपाशी टोक जवळजवळ १.४ सें.मी. सरकतं.

शिवाय सर्व्होला कोन सांगणारा पल्स ५०० ते २५०० मायक्रोसेकंदांपर्यंत बदलला की तो नेमके १८० अंश फिरतो, हे गृहीत धरू नका. प्रत्येक सर्व्हो थोडा वेगळा असतो. हात जोडून झाल्यावर गुण्या लावून एकेक सांधा शून्यावर आणि नव्वदवर आणा आणि दोन्ही वेळचे पल्स लिहून ठेवा. आमच्या खांद्याला ५६० आणि १४८० आले, म्हणजे अंशाला १०.२ मायक्रोसेकंद; कागदावरचा आकडा ११.१ होता. ही दोन मापं जोडणारी सरळ रेषा प्रत्येक सांध्यासाठी वेगळी ठेवा.

एवढं करूनही टोक लांब गेल्यावरच खाली येत असेल, तर दांड्याखाली बोटाचा हलका आधार द्या. टोक जागेवर आलं, तर दोष वजनाने येणाऱ्या झोकाचा आहे. मग चार-पाच अंतरांवर टोक किती खाली येतं ते पट्टीने मोजा आणि तेवढं टोकाच्या उंचीत, म्हणजे `z` मध्ये वाढवा. आधार देऊनही फरक पडला नाही, तर पुन्हा गुण्या घेऊन खांद्यापासून सुरुवात करा.